पहिल्या ओळीतलं एक पॉइंट चार

लातूरच्या कॉलेजात केमिस्ट्रीच्या लॅबमध्ये मी कामाला लागले, तेव्हा पहिले पंधरा दिवस मला काचेची भीती वाटायची. हातातून काही फुटलं की घरी पाठवतील, हे मनात पक्कं बसलेलं. आणि घर जवळ नव्हतं. माझं माहेर धर्माबादच्या पलीकडे, तेलंगणाच्या हद्दीला लागून. नवऱ्याच्या कामापायी लातूरला आलेली मी, नववीत शाळा सुटलेली. आई अंथरुणाला खिळली आणि मोठी मुलगी मीच, म्हणून सुटली. कुणी सोडायला सांगितलं नव्हतं. एक दिवस गेले नाही, मग गेलेच नाही.

लॅबच्या मॅडम नांदेडच्या. लग्न केलं नव्हतं. तीस वर्षं लातूरला एका खोलीत राहून शिकवत होत्या, सुट्टीला भावाकडे नांदेडला जायच्या. पहिल्याच आठवड्यात माझ्या हातून एक ब्युरेट सुटली आणि तिचं टोक उडालं. ब्युरेट म्हणजे हातभर लांब काचेची नळी, खाली तोटी, अंगावर वरून खाली शून्य ते पन्नास आकडे. मी तिथंच रडायला लागले. मॅडम आल्या, तुकडे बघितले आणि म्हणाल्या,

"हात कापला का?"

"न्हाई."

"मग रडतीस कशाला? काच कधी तरी फुटायचीच. झाडू आण, आणि दुसरी लाव. लावताना मला दाखव."

त्या दिवसापासून त्यांनी मला शिकवायला सुरुवात केली. हे त्यांचं काम नव्हतं. मी बाटल्या धुवायला होते. पण मुलं गेली की त्या मला टेबलाशी उभं करायच्या. पाण्याची कड डोळ्याच्या समोर कशी आणायची, खोलगट भागाचा तळ कसा वाचायचा, तोटी डाव्या हातानं कशी सोडायची. एक थेंब, दोन थेंब. मी घाबरले की तेलुगूत पुटपुटत मोजायचे, आईनं शिकवलेलं, ओकटी, रेंडू, मूडू. मॅडमनी ते ऐकलं आणि हसल्या. "मोज, मोज. थेंबाला भाषा कळत न्हाई."

त्यांची एक सवय सगळ्या लॅबला लागलेली होती. ब्युरेट शून्यापर्यंत भरायचा हट्ट धरायचा नाही. लातूरला पाण्याचे हाल सगळ्यांनी बघितलेले, एक एक घागर उचलून आणलेली. वरून भरायचं, शून्याच्या वर गेलं की तोटीतून खाली सोडायचं, ते बेसिनमध्ये, हे मॅडमना सहन व्हायचं नाही. त्या म्हणायच्या, "शून्य कुणी मागितलंय? पाणी जिथं थांबलं तिथला आकडा लिहा. शेवटी जिथं थांबलं तिथला लिहा. वजा करा. वजाबाकी चौथीत शिकवतात." म्हणून आमच्याकडे प्रत्येक तक्त्याची पहिली ओळ सुरुवातीच्या आकड्याची असायची. मी सकाळी ब्युरेट भरून ठेवायचे आणि मुलांना आकडा सांगायचे. तो माझा मान होता. नववी शिकलेल्या बाईनं सांगितलेला आकडा बीएस्सीची मुलं वहीत लिहून घ्यायची.

मग मॅडमचं विसरणं सुरू झालं.

आधी बारीक बारीक. डिस्टिल्ड वॉटरचा नळ चालू राहायचा. एकाच तासात दोनदा हजेरी घ्यायच्या. एकदा मला त्यांच्या वारलेल्या बहिणीच्या नावानं हाक मारली, आणि मी ओ दिली, कारण त्यांना लाज वाटू नये. मुलं मागं हसायची. मी मुलांवर डोळे वटारायचे, पण माझ्या डोळ्यांना कोण घाबरतंय?

त्याच वर्षी नवीन सर आले. तरुण, पुण्याकडून शिकून आलेले, स्वभावानं चांगले. त्यांनी पीएच मीटर लॅपटॉपला जोडलं. द्रावण किती आंबट, किती क्षारी, ते मीटर आकड्यात सांगायचं आणि पडद्यावर आपोआप रेघ चढत जायची. मुली जाम खुश.

"मावशी, आता तुमची वजाबाकी संपली," एक मुलगी म्हणाली.

"संपू दे बाई. तुझी बेरीज तरी येऊ दे," मी म्हणाले.

सराव परीक्षेचा दिवस होता. मॅडमनी नेहमीप्रमाणे अनोळखी द्रावण बनवून आणलं होतं. व्हिनेगरातलं असतं तेच आम्ल. ताकद माहीत असलेल्या मोठ्या बाटलीतून मोजून घ्यायचं, पाणी घालून लिटरभर करायचं आणि खरी ताकद एका चिठ्ठीवर लिहून पाकिटात बंद करायची. मुलांनी ती शोधून काढायची. मीटर एकच, म्हणून दहा मुलींच्या त्या तुकडीनं मिळून एकच प्रयोग केला. वीस मिली आम्ल छोट्या बीकरमध्ये, वर ब्युरेटमध्ये पॉइंट वन मोलर ताकदीचं कॉस्टिक सोड्याचं पाणी. एक मुलगी तोटी सोडणार, दुसरी ब्युरेटचा आकडा लॅपटॉपमध्ये टाकणार, मीटर आपला आकडा आपण टाकणार.

ब्युरेट मी भरली होती. मी सांगितलं, "एक पॉइंट चारवर हाय बघा." वजाबाकी संपली म्हणणाऱ्या त्याच मुलीनं 'हाव, हाव' म्हणत मान डोलावली आणि एका कागदावर लिहिलं.

संध्याकाळी सरांनी पडद्याचा फोटो तुकडीच्या ग्रुपवर टाकला. प्रॅक्टिकलचं वेळापत्रक कळावं म्हणून मीही त्या ग्रुपात होते. दहाही मुलींनी त्या फोटोवरून उत्तर काढलं. रेघ एकोणीस पॉइंट दोनला उभी चढत होती, म्हणजे तेवढं कॉस्टिक पडल्यावर आम्ल संपलं. म्हणून ताकद पॉइंट झिरो नाईन सिक्स. दहाही जणींचं तेच.

दुसऱ्या दिवशी पाकीट फोडलं. मॅडमच्या चिठ्ठीवर होतं पॉइंट झिरो एट नाईन.

सरांनी वहीच्या कडेला भराभर आकडे मांडले. मग हळूच म्हणाले, "मॅडम, तुम्ही मोठ्या बाटलीतून किती घेतलं होतं?"

मॅडमनी वही काढली. "एकशे अठ्ठ्याहत्तर मिली."

"एकशे ब्याण्णव घेतलं असतं तर बरोबर मुलींचं उत्तर येतं." सर हे वाईट बोलले नाहीत. त्यांनी आकडेमोड केली होती, तेवढंच. "मोजताना कदाचित..."

मॅडम माझ्याकडे वळल्या. "अनोळखीच्या बाटलीत उरलंय का गं? मी परत करून बघते."

बाटली मी आदल्या संध्याकाळीच रिकामी करून, धुवून, पालथी घातली होती. रोजचंच काम. त्या पालथ्या बाटलीकडे मॅडमनी पाहिलं, मग माझ्याकडे, आणि मान हलवली, जसं काही ती बाटली धुणं बरोबरच होतं.

"दहा जणी चुकत न्हाईत," त्या म्हणाल्या. "माझाच हात हलला. माझंच चुकलं."

प्राचार्यांना कळलं. नळ, हजेरी, हे सगळं त्यांना आधीच माहीत होतं. कुणी मॅडमना जा म्हटलं नाही. मॅडमनीच अर्ज लिहिला. निवृत्तीला दोन वर्षं होती, तरी. शेवटच्या दिवशी कपाटाची किल्ली माझ्या हातात दिली आणि म्हणाल्या, "मुलांना चुकीचं द्रावण दिलं मी. तीस वर्षांत कधी दिलं नव्हतं." तुळजापूरच्या देवीला जाऊन आल्यावर बायका जशा पदर सावरतात तसा त्यांनी पदर सावरला आणि नांदेडच्या गाडीत बसल्या.

दोन महिन्यांनी सरांनी मला मॅडमचं कपाट आवरायला सांगितलं. पुस्तकं, जुन्या वह्या खोक्यात भरून नांदेडला पाठवायच्या होत्या. खालच्या कप्प्यात सराव परीक्षेचे कागद होते. त्यात तो कागद सापडला. त्या मुलीचं अक्षर. पडद्यावर रेघ येतेय तरी मॅडमच्या सवयीनं तिनं हातानं तक्ता केला होता. डावीकडे ब्युरेटचा आकडा, उजवीकडे पीएच. पहिली ओळ: एक पॉइंट चार, दोन पॉइंट नऊ.

मी तो कागद खोक्यात टाकला. परत काढला.

मोबाइलमध्ये ग्रुप उघडला आणि तो जुना फोटो शोधला. बोटांनी मोठा केला. रेघ सपाट येत होती, मग एकदम उभी, मग परत सपाट. पण फोटोच्या डावीकडे शून्य दिसत नव्हतं. फोटो कापलेला होता, खालचे आकडे पाचपासून सुरू होत होते. आणि खाली सरांनी लिहिलेलं, 'मिसळलेले कॉस्टिक, मिली'.

मी स्टुलावर बसले. मॅडमनी शिकवलेलं आठवून राहिले. मॅडम म्हणायच्या, सात बघू नकोस. सगळ्यांना वाटतं आंबट संपलं की सात. आम्ल जोरदार असेल तर तसं. व्हिनेगरसारखं हळवं असेल तर उडीचा मधला भाग सातच्या वर असतो, नऊच्या जवळ. आकडा बघू नकोस, उडी बघ. जिन्याला एकच उंच पायरी आहे, तिच्या मधोमध उभी राहा.

मी तक्त्यावर बोट ठेवलं. अठरा पॉइंट आठला पीएच सहा पॉइंट चार. एकोणीसला सहा पॉइंट सात. पुढं एकोणीस पॉइंट दोनला आठ पॉइंट सात. एकोणीस पॉइंट चारला दहा पॉइंट सात. नंतर अकरा. फरक काढले, तीन दशांश, दोन, दोन, परत तीन दशांश. दोन मोठ्या उड्या, आणि त्यांच्या मधोमध एकोणीस पॉइंट दोन. इथपर्यंत मुली बरोबरच होत्या.

पण एकोणीस पॉइंट दोन हा ब्युरेटवरचा आकडा होता. ब्युरेटमधून गेलेलं तेवढं नव्हतं. सुरुवात एक पॉइंट चारला होती.

खडूनं फरशीवर मांडलं, कारण कागदाला हात लावायची हिंमत होईना. एकोणीस पॉइंट दोन वजा एक पॉइंट चार. सतरा पॉइंट आठ. गुणिले पॉइंट वन, भागिले वीस. ओकटी, रेंडू, मूडू करत मी भागाकार केला. पॉइंट झिरो एट नाईन.

परत केला. तेच. तिसऱ्यांदा केला तेव्हा आकडे नीट दिसत नव्हते.

मी कुणाला सांगणार? नववी नापाससुद्धा नाही, नववी सुटलेली. सर मला हसले तर? आणि सर हसले नाहीत, खरंच बरोबर निघालं, तर मग मी दोन महिने गप्प का होते? आकडा मी सांगितला होता. मला वाटलेलं कॉम्प्युटर वजा करत असेल. कॉम्प्युटरला सगळं येतं असं मला वाटायचं.

तासाभरानं सर आले. मी फरशी पुसून टाकली होती. कागद पुढं केला आणि म्हणाले, "सर, ही पहिली ओळ बघता का?"

त्यांनी पाहिली. मोबाइल काढला, फोटो पाहिला. मग कागद, मग फोटो. खुर्ची ओढून बसले.

"मी शिकलो तिथं आम्ही कायम शून्यावरच आणायचो, मावशी," ते म्हणाले. "म्हणून मी खाली मिसळलेलं असं लिहिलं. मला विचारायचं सुचलंच नाही." त्यांनी कपाळ धरलं. "दहा जणी चुकत नाहीत, असं मॅडम म्हणाल्या. दहा जणी कुठं होत्या? एकच तर रेघ होती. दहांनी बघितली."

"मीबी बोलले न्हाई, सर."

"तुम्ही आकडा सांगितला होता. ऐकायचं काम माझं होतं."

एवढं कुणी मला कधी म्हटलं नव्हतं. सर त्याच दिवशी प्राचार्यांना भेटले, मुलींच्या ग्रुपवर चूक आपली असं लिहिलं. मॅडमना फोन लावू का, असं त्यांनी मला विचारलं. मग स्वतःच म्हणाले, "नको. तुम्ही जा. तुमच्याकडून ऐकलं तर त्यांना जास्त बरं वाटेल." दोन दिवसांची सुट्टी दिली.

मी खोकं घेऊन सकाळच्या एसटीनं नांदेडला गेले. वाटेत तीनदा पिशवीत हात घालून कागद चाचपला. एकच विचार होता. मॅडमना सांगायचं, तुमचा हात हलला न्हाई.

भावाचं घर गावाच्या थोडं बाहेर. वहिनींनी दार उघडलं. खोकं आत घेताना हळू आवाजात म्हणाल्या, "तुम्हाला ओळखतील, न ओळखतील. वाईट वाटून घेऊ नका. एक गोष्ट मात्र दिवसातून दहादा म्हणतात. मुलांना चुकीचं द्रावण दिलं. बाकी सगळं विसरून राहिल्यात, हे तेवढं विसरत न्हाईत."

मॅडम खिडकीपाशी बसल्या होत्या. वाळल्या होत्या. मला बघून हसल्या.

"आलीस? ब्युरेट धुतल्यास का?"

"हाव मॅडम. सगळ्या."

मी त्यांच्या पायाशी बसले आणि मोबाइल पुढं धरला. काही सांगायच्या आधीच त्यांनी फोटो मोठा करायला सांगितला. चष्मा वर केला. आणि मी तासभर फरशीवर बसून जे शोधलं होतं ते त्यांनी एका नजरेत पकडलं.

"सुरुवात कुठंय? डावीकडचं कुठं गेलं?"

मी कागद दिला. त्यांचं बोट थेट पहिल्या ओळीवर गेलं. मग खाली उतरलं, उडीपर्यंत. ओठ हलले. पेन मागितलं नाही.

"सतरा पॉइंट आठ," त्या म्हणाल्या. "पॉइंट वन, वीस. पॉइंट झिरो एट नाईन. कुणाचं आहे हे?"

"तुमचं, मॅडम. सराव परीक्षेचं. मुलींनी वजा केलं न्हाई. तुमची चिठ्ठी बरोबर होती."

त्यांनी कागद मांडीवर ठेवला. तीस वर्षांपूर्वी त्या शिकवायला लागल्या तेव्हाचा त्यांचा चेहरा मी पाहिला नव्हता, पण तो कसा असेल ते त्या क्षणी कळलं. "म्हणजे मी चुकीचं दिलं नव्हतं?"

"न्हाई."

"वहिनी!" त्यांनी हाक मारली. "अगं ऐकलंस का? मी चुकीचं दिलं नव्हतं." वहिनी पोहे घेऊन आल्या, डोळे पुसत. आम्ही तिघींनी पोहे खाल्ले. मॅडमनी अर्धापूरची केळी खाणार का विचारलं, माझ्या पोराचं विचारलं, सर बरे आहेत का ते विचारलं. मला वाटलं, आता सगळं ठीक होणार.

बशा उचलून वहिनी आत गेल्या. मॅडम खिडकीकडे बघत होत्या. मग म्हणाल्या,

"एक गोष्ट सांगू का? मी मुलांना चुकीचं द्रावण दिलं. तीस वर्षांत कधी दिलं नव्हतं."

मी परत मोबाइल काढला. परत फोटो मोठा केला. परत त्यांनी चष्मा वर केला आणि म्हणाल्या, "सुरुवात कुठंय? डावीकडचं कुठं गेलं?" परत बोट पहिल्या ओळीवर. परत सतरा पॉइंट आठ. एकदाही चुकल्या नाहीत. परत तो चेहरा, परत वहिनीला हाक.

दुपारपर्यंत आम्ही चार वेळा केलं. हिशेब त्यांच्यात होता, सगळा जसाच्या तसा. टिकत नव्हतं ते उत्तर. चूक टिकत होती.

निघताना मी कागद वहिनींकडे दिला आणि तो फोटो त्यांच्या मोबाइलवर पाठवला. दारात उभं राहून त्यांना समजावलं. वहिनी शिवणकाम करणाऱ्या, त्यांना मापांची सवय. "फक्त फोटो दाखवा. बाकी काही सांगू नका. सुरुवात कुठंय असं त्याच विचारतील. मग हा कागद द्या, पहिली ओळ."

"आणि मला मधेच विचारलं तर?"

"उभी रेघ एकोणीस पॉइंट दोनला. वजा एक पॉइंट चार."

"थांबा, लिहून घेते." त्यांनी कॅलेंडरच्या कडेला पेन्सिलनं लिहिलं.

आत मॅडम पुस्तकांचं खोकं उघडत होत्या. मी पाया पडायला गेले, तर म्हणाल्या, "जातीस? बाटल्या धुवून ठेव." मी बरं म्हटलं. हे त्यांचे मला शेवटचे शब्द. पुढच्या उन्हाळ्यात त्या गेल्या, मला पोचायला उशीर झाला.

मधल्या काळात वहिनींचा दर आठवड्याला फोन यायचा. "आज तीनदा काढलं." "आज सकाळी एकदाच, मग झोपल्या." एकदा म्हणाल्या, "आज आकडे वाचता आले न्हाईत त्यांना. नुसतं पहिल्या ओळीवर बोट ठेवलं आणि माझ्याकडे बघत राहिल्या. मग मीच मोठ्यानं केलं. बरोबर आलं ना, सतरा पॉइंट आठ?"

"बरोबर आलं, वहिनी," मी लॅबमधून म्हणाले. समोर अकरा ब्युरेट भरून उभ्या होत्या, कुठली पॉइंट सहावर, कुठली दोन पॉइंट एकवर. सर आता फोटो न कापता टाकतात, आणि मुलींना आधी माझ्याकडे पाठवतात, आकडा विचारायला.